दिवाळीचा बॉक्स माणशी कितीचा बसतो? आधी माणसं परत मोजा

प्रश्न: नाशिकला अंबडमध्ये छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे, मस्टरवर २४ माणसं. यंदा दिवाळीला पहिल्यांदाच नीट बॉक्स द्यायचाय. २०,००० बाजूला काढलेत म्हणजे माणशी ८३३ येतात. मिठाईवाला काजूकतली १,०४० रुपये किलो म्हणतोय, अर्धा किलो ५२० ला पडेल, मग उरलेल्या तीनशेत स्टीलचा डबा वगैरे काही गिफ्ट टाकू का? की सरळ रोख देऊन मोकळं व्हावं? कुणी दरवर्षी करत असेल तर सांगा.

उत्तर:

मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं अकाउंट्स आणि अॅडमिन बघते, सतरा वर्षं झाली. दिवाळीचे बॉक्स दरवर्षी माझ्याच गळ्यात असतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीपण तुमच्यासारखाच भागाकार करायचे आणि दर वेळी धनत्रयोदशीला शेठच्या केबिनमध्ये जाऊन अजून अडीच-तीन हजार मागायचे. तर पहिली गोष्ट ही की काजूकतली की डबा हा तुमचा खरा प्रश्न नाहीये. तुमचा ८३३ हा आकडाच बरोबर नाहीये. वरचा २०,००० बरोबर असेल, खालचा २४ चुकलाय, आणि ५२० ही दुकानाच्या काउंटरवरची किंमत झाली, माणसाच्या हातात पडेपर्यंतची नाही. हे दोन्ही दुरुस्त केले की काय घ्यायचं ते बऱ्यापैकी आपोआप ठरतं.

आधी माणसं. मस्टरवर २४ आहेत ते ठीक, पण दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी तुमच्या गेटच्या आत किती माणसं असतात ते डोळ्यासमोर आणा. फॅब्रिकेशन म्हणजे ठेकेदाराची तीन-चार तरी माणसं ग्राइंडिंगला नाहीतर पेंटिंगला असणार. वॉचमन एजन्सीचे, दिवसाचा एक रात्रीचा एक. झाडलोटीला एक मावशी. माल सोडायला रोजचा ठरलेला टेम्पोवाला. आयटीआयची अप्रेंटिस पोरं असतील तर ती काही ठिकाणी मस्टरवर नसतात, वेगळ्या रजिस्टरला असतात, ती पण बघा. यातलं कुणीच तुमच्या पगारपत्रकात नाही पण बॉक्स वाटताना सगळे तिथेच उभे असतात, आणि ज्या मावशीने वर्षभर शॉप झाडलं तिच्यासमोर बाकीच्यांना बॉक्स देणं कुणालाच जमत नाही. मग आयत्या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानातून जास्तीच्या भावाने सहा बॉक्स आणायचे, ते वेगळे दिसतात, मग त्यावरून अजून कुजबुज. मी हे सगळं करून बसलेय.

तुमची यादी मी अंदाजाने धरते, तुम्ही दुरुस्त करा. २४ मस्टरची, ठेकेदाराची ३, वॉचमन २, मावशी १, टेम्पोवाला १. झाले ३१. त्यावर २ बॉक्स जास्तीचे. हे दोन उधळपट्टी म्हणून नाही, एक तरी बॉक्स टेम्पोत दबतो किंवा तूप सुटून खराब होतो, आणि एक तरी माणूस यादीत राहून गेलेला असतोच, बहुतेक वेळा महिनाभरापूर्वी लागलेला पोरगा. म्हणजे ३३. आता २०,००० भागिले ३३ करा, ६०६ येतात. तुमच्या डोक्यात ८३३ होते, सव्वादोनशे रुपये इथेच गेले आणि अजून आपण दुकानात पाय पण ठेवला नाही.

कस्टमर, सप्लायर, बँकेतली माणसं यांचे बॉक्स यात धरू नका. ते वेगळ्या खात्याचे पैसे, वेगळी यादी. एकत्र केलं की शेवटी कामगारांच्या बॉक्समधून कापून कस्टमरचा बॉक्स मोठा होतो, हे मी दोन-तीन ठिकाणी बघितलंय.

आता ५२० कडे येऊ. दुकानदार किलोचा भाव सांगतो, पण तुम्हाला लागणारी किंमत वेगळी आहे आणि त्यात चार-पाच गोष्टी मिळवाव्या लागतात.

पहिली म्हणजे जीएसटी. मिठाईवर ५ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हापासून पॅकबंद नमकीन, चॉकलेट, सुका मेवा हे पण ५ वरच आलेत, त्यामुळे हिशोब आधीपेक्षा सोपा झालाय. पण बरेच छोटे मालक असं धरतात की जीएसटीचं बिल घेतलंय म्हणजे तो परत मिळेल, रिटर्नमध्ये क्रेडिट घेऊ. नाही मिळत. खाण्याच्या वस्तूंवर आणि गिफ्ट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर क्रेडिट कायद्यानेच अडवलेलं आहे. म्हणजे तो ५ टक्के तुमचा खर्चच, माणशी किमतीत धरायचा. भाव विचारताना "सगळं धरून की प्लस जीएसटी" हे आधी विचारा, नाहीतर बिल आल्यावर वाद होतो. आणि एकाच बॉक्समध्ये मिठाईबरोबर १८ टक्केवाली एखादी वस्तू टाकून सगळ्याचा एकच भाव लावला असेल तर पूर्ण बॉक्सला जास्तीचा दर लागू शकतो. तशी वस्तू घ्यायचीच असेल तर बिलावर वेगळी ओळ करून घ्या.

दुसरी गोष्ट खोक्याचं वजन, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण पैसे इथेच गळतात. मिठाई खोक्यासकट वजन करून द्यायची नाही, निव्वळ मिठाईचं वजन द्यायचं असा नियम आहे, वैधमापनवाले दिवाळीच्या आधी तपासण्या पण करतात. पण गर्दीत काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. अर्ध्या किलोचा जाड पुठ्ठ्याचा खोका ६० ग्रॅमच्या आसपास भरतो. १,०४० च्या भावाने ६० ग्रॅमचे ६२ रुपये झाले. एका बॉक्समागे ६२ रुपयांचा पुठ्ठा, ३३ बॉक्सचे दोन हजारांच्या वर. तुमच्या एकूण बजेटच्या दहा टक्के पुठ्ठ्यात! आणि गंमत म्हणजे मिठाई जितकी महाग तितका पुठ्ठा महाग पडतो. म्हणून ऑर्डर देताना बिलावर लिहून घ्या, "निव्वळ वजन ५०० ग्रॅम, खोका वेगळा". मग तो खोक्याचे पंचवीस-तीस रुपये वेगळे लावेल, लावू दे, तरीही स्वस्त पडतं.

तिसरं म्हणजे पिशवी आणि वाहतूक. कामगार बस नाहीतर मोटारसायकलवर जातो, मोकळा बॉक्स हातात कसा नेणार, पिशवी लागते. कापडी नको, साधी कागदी चालते, सातआठ रुपये. टेम्पो किंवा रिक्षा सहाशे धरा. माणशी अठरा रुपये झाले, किरकोळ वाटतं पण यादीत नसलं की शेवटी पेटी कॅशमधून जातं आणि कुठेच दिसत नाही.

आता तुमची काजूकतली या हिशोबात बसवून बघू. निव्वळ अर्धा किलो ५२०, खोका २५, झाले ५४५. त्यावर ५ टक्के धरून ५७२. पिशवी ८, टेम्पो १८. हातात पडेपर्यंत ५९८. आणि आपल्याकडे माणशी होते ६०६. म्हणजे ज्या तीनशे रुपयांत तुम्ही स्टीलचा डबा बघत होता तिथे खरे आठ रुपये उरतात. भाव थोडासा वर गेला तरी संपलं.

काजूकतली वाईट असं मी म्हणत नाहीये. पण अर्धा किलो कतली घरी नेली की चार माणसांत दोन दिवसांत संपते आणि बॉक्स दिसायला लहान दिसतो, चपटा असतो ना. त्याच पैशात फराळाचा बॉक्स भरला तर वजनाने दुप्पट होतो. आम्ही गेली पाच वर्षं तेच करतोय. खालचे भाव आमच्याकडचे गेल्या दिवाळीचे आहेत, नाशिकला इकडे-तिकडे होतील.

साजूक तुपातले बेसन लाडू ६०० रुपये किलो, त्याचे अर्धा किलो ३००. पातळ पोह्यांचा चिवडा ३२० किलो, पाव किलो ८०. भाजणीची चकली ४०० किलो, पाव किलो १००. माल झाला ४८० चा. मोठा खोका २५ धरून ५०५, जीएसटी धरून ५३० रुपये २५ पैसे. ३३ बॉक्सचे १७,४९८. पिशव्या २६४, टेम्पो ६००. एकूण १८,३६२, म्हणजे माणशी साधारण ५५६. तुमच्या २०,००० मधून १,६३८ शिल्लक राहतात. ती शिल्लक लगेच खर्च करायची नाही. दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत तूप, डाळ, तेल काहीही वर जातं आणि दुकानदार फोन करतो, तेव्हा ही आठ टक्क्यांची गादी लागते. काहीच झालं नाही तर लक्ष्मीपूजनाच्या पेढ्यांना आणि झेंडूला वापरा.

यात बॉक्समध्ये एक किलो माल गेला, आणि लाडू महिनाभर टिकतात, चिवडा-चकली पण. टिकण्याचा मुद्दा तुम्हाला छोटा वाटेल पण फॅब्रिकेशन शॉपमध्ये तुमच्याकडे यूपी-बिहारची पोरं असणारच, ती दिवाळी आणि छठला गावी जातात, नाशिक रोडवरून गाडी पकडली की दीड-दोन दिवस प्रवास, जनरल डब्यात. खव्याची बर्फी किंवा पेढा दिला तर तो गावी पोचेपर्यंत आंबतो, आणि मग घरच्यांसमोर पिशवीतून काय काढणार? आम्ही एका वर्षी मलई बर्फी दिली होती. स्वस्तात मिळाली म्हणून आणि दिसायला छान म्हणून. सकाळी माल आला, शिफ्ट संपेपर्यंत बॉक्स फर्नेसच्या बाजूच्या खोलीत ठेवले, संध्याकाळी वाटले. दुसऱ्या दिवशी तिघांनी वास येतोय म्हणून सांगितलं, बाकीच्यांनी सांगितलं नाही एवढंच. तेव्हापासून खवा बंद. ऑक्टोबर हीटमध्ये पत्र्याच्या शेडखाली खव्याचा पदार्थ ठेवूच नका, मग दुकान कितीही नामांकित असो.

एकाच खोक्यात लाडू आणि चकली ठेवताना चकली वेगळ्या सीलबंद पाकिटात हवी. लाडवाचं तूप आणि ओल लागली की चकली दोन दिवसांत मऊ पडते आणि खाणारा म्हणतो शिळी दिली. चिवडा कांदा-लसूण नसलेला घ्या, तो सगळ्यांना चालतो, मग जैन बॉक्स वेगळा, अमका वेगळा असले प्रकार करावे लागत नाहीत.

आता माणशी किती हा आकडा ठरवायचा कसा. २०,००० तुम्ही कशावरून काढले माहीत नाही, पण माझा ठोकताळा सांगते, हा माझा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. शॉपमधल्या सगळ्यात कमी पगाराच्या हेल्परची एक दिवसाची हजेरी जितकी, साधारण तितक्याचा बॉक्स. त्याच्यापेक्षा फार कमी दिला तर देणाऱ्यालाच लाज वाटते. फार जास्त दिला तर पुढच्या वर्षी अडकता. कारण बॉक्स एकदा दिला की तो रिवाज होतो, वर जाता येतं खाली येता येत नाही. आमच्याकडे एका वर्षी ऑर्डरी जोरात होत्या, शेठ खूश होते, मिठाई आणि वर कॅसरोल असं मिळून बाराशेच्या वर गेलो. पुढच्या वर्षी ऑटोचं काम बसलं आणि आम्ही परत पाचशेवर आलो. कुणी तोंडावर बोललं नाही पण चहाच्या टपरीवर आठवडाभर तोच विषय होता, जणू आम्ही पगारच कापला. म्हणून चांगल्या वर्षाचं बजेट बघून आकडा ठरवू नका. वाईट वर्षातही जो देता येईल तो धरा, चांगल्या वर्षी जास्तीचं काही द्यायचं असेल तर ते पाकिटात द्या आणि सांगून द्या की यंदा काम चांगलं झालं म्हणून. पाकीट दर वर्षीचं मानलं जात नाही, बॉक्स मानला जातो. का ते मला पण नीट सांगता येणार नाही, पण असं होतं.

यावरून रोख द्यावेत का त्याच्यावर येते. खरं सांगायचं तर माणसांना विचाराल तर निम्मे तरी म्हणतील रोखच द्या. आणि त्यांचं चुकत नाही. पण छोट्या शॉपमध्ये माणशी पाचशे-सहाशे रोख दिले की ते बोनसमध्ये मिसळून जातात, किंवा त्याने आधी घेतलेल्या उचलीत वळते होतात, घरी काहीच पोचत नाही. बॉक्स निदान घरी पोचतो, बायकापोरं उघडतात. कराच्या बाजूने पण रोख म्हणजे पगारच धरला जातो, कितीही छोटी रक्कम असली तरी. वस्तूरूपात दिलेल्या गिफ्टला वर्षभराची एक मर्यादा असते आणि सहाशेच्या बॉक्सने तिच्या जवळपासही तुम्ही जात नाही.

आणि बोनसचं ऐका. तुमची २४ माणसं आहेत म्हणजे वीसच्या वर, बोनसचा कायदा लागू होतो, पात्र माणसांना कमीत कमी ८.३३ टक्के. नवीन कारखान्याला सुरुवातीच्या वर्षांत काही सवलत असते, तुम्हाला लागू आहे का ते सीएला विचारा. पण बॉक्स दिलाय म्हणून बोनस थोडा कमी, हे तोंडातून सुद्धा काढू नका, दोन्ही हिशोब वेगळे. ठेकेदाराच्या माणसांचा बोनस हा ठेकेदाराशी बोलायचा विषय आहे, बॉक्स मात्र तुमच्या हातचा.

गिफ्टबद्दल माझं मत जरा कडवट आहे. शंभर-दीडशेत मिळणारी भेटवस्तू ही शंभर-दीडशेचीच दिसते. प्लास्टिकचा टिफिन, घड्याळ, बेडशीट सगळं करून झालं. बेडशीटचा रंग पहिल्या धुण्यात गेला. घड्याळं तर काही जणांनी गावी कुणालातरी लग्नात देऊन टाकली, मला नंतर कळलं, हसले मी. एकच गोष्ट चालली ती म्हणजे चिवडा स्टीलच्या डब्यात भरून दिला, पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी. डबा घरात राहतो. पण त्याचे माणशी शंभराच्या आसपास जास्त लागतात, तुमच्या ६०६ मध्ये बसत नाही. बसवायचाच असेल तर चकली काढा, पण मी नाही काढणार.

एक पर्याय अजून आहे तो मला आवडतो पण सगळीकडे चालत नाही. किराणा किट. सरकारने २०२२ च्या दिवाळीत आनंदाचा शिधा म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल दिलं होतं ना, तसंच आपलं, जरा चांगल्या मालाचं. सहाशेत दोन किलो साखर, लिटर-दोन लिटर तेल, बेसन, रवा, मैदा, पोहे असं बऱ्यापैकी येतं आणि घरातल्या बाईला त्याचा खरा उपयोग होतो. पण दोन अटी. एक, माणसं इथली, कुटुंबासकट राहणारी हवीत, खोलीवर राहणाऱ्या एकट्या पोराला मैद्याचं काय करायचं. दोन, वसुबारसेच्या निदान आठवडाभर आधी द्यायला हवं, कारण फराळ तेव्हाच होतो, धनत्रयोदशीला साखर देऊन उपयोग नाही, तोपर्यंत तिने उधारीवर आणलेली असते. तुमची निम्मी माणसं बाहेरची असतील तर किट विसरा. निम्म्यांना किट निम्म्यांना बॉक्स असं तर अजिबात नको.

ते सगळ्यांना सारखंच हे मात्र माझं ठाम आहे. एकदा आमच्याकडे स्टाफला मोठा बॉक्स आणि कामगारांना छोटा असं ठरलं. मी तेव्हा नवी होते, बोलले नाही. टेम्पो गेटवरच रिकामा झाला, दोन थप्प्या सगळ्यांनी बघितल्या. संध्याकाळी सहा बॉक्स कॅन्टीनच्या टेबलावर तसेच पडलेले होते, नेलेच नाहीत. वाचवले किती तर बहुतेक अडीच हजार. सुपरवायझरला, जुन्या फिटरला जास्त द्यायचं असेल तर परत तेच, बोलावून पाकीट द्या.

ऑर्डर कशी द्यायची ते थोडक्यात. दसऱ्याला मशिनची पूजा झाली की त्याच आठवड्यात भाव घ्या, पंचवीस टक्के अॅडव्हान्स देऊन भाव बिलबुकावर लिहून घ्या. त्याआधी एक बॉक्स नमुना म्हणून पैसे देऊन विकत आणा, फुकट नमुना घेऊ नका, तो वेगळाच बनवलेला असतो. लाडू रात्रभर बाहेर ठेवून सकाळी खा. वनस्पती तूप असेल तर टाळूला मेणासारखा थर बसतो, साजूक असेल तर नाही बसत. आणि वजनाबरोबर नग ठरवा, चाळीस ग्रॅमचा लाडू म्हणजे अर्ध्या किलोत बारा. माल आला की डिस्पॅचच्या काट्यावर कुठलेही तीन बॉक्स उघडून खोका सोडून वजन करा, आणि बाकीच्यात नुसते लाडू मोजले तरी कळतं. अकरा निघाले की टेम्पोवाल्यासमोरच फोन लावायचा, टेम्पो गेला की मग कोण ऐकतंय. बॉक्सवर किंवा बिलावर बनवल्याची तारीख लिहून मागा.

महिला बचत गटाकडून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, आम्ही चकली त्यांच्याकडूनच घेतो, दुकानापेक्षा खुसखुशीत असते आणि किलोमागे पन्नास-साठ रुपये तरी वाचतात. तुमची सव्वाआठ किलो चकली म्हणजे चार बायकांचं एका दिवसाचं काम. पण लाडू, चिवडा, चकली तिन्ही एकाच गटाला देऊ नका. एका वर्षी आम्ही दिलं, त्यांच्यातल्या एकीच्या घरी अडचण झाली आणि माल दोन दिवस उशिरा आला, तोपर्यंत बिहारची पोरं गाडीत बसली होती. त्यांचे अकरा बॉक्स मग दिवाळीनंतर परत आल्यावर दिले, तोंड वाकडं करूनच घेतले त्यांनी, आणि बरोबरच होतं. त्यांच्याकडे एफएसएसएआयची नोंदणी आहे का तेवढं विचारा.

वाटायची तारीख ठरवताना म्हणून कॅलेंडर नाही, रेल्वेची तिकिटं बघा. सगळ्यात आधी जाणारा माणूस कधी जातोय त्याच्या आदल्या दिवशी वाटप. बोनस पण त्याच दिवशी दिला तर चांगलं, पण पाकीट वेगळं आणि बॉक्स वेगळा.

पैसे चेकने किंवा यूपीआयने द्या. एका दिवसात एकाच दुकानदाराला १०,००० च्या वर रोख दिलेत तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, आणि तुमचं बिल १७,००० च्या वर जातंय. बिल फर्मच्या नावाने हवं. वाटताना एक कागद ठेवा, नाव आणि सही, ठेकेदाराच्या माणसांची पण. तो बिलाबरोबर फाइलला लावला की स्टाफ वेल्फेअरला टाकायला अडचण येत नाही. आणि पुढच्या वर्षी तुम्हाला माणसं मोजत बसायची गरज नाही, हाच कागद काढायचा.

परत एकदा आकडे, कारण वर बरेच झाले. तुमचे २४ नाहीत, ३३ आहेत. माणशी ८३३ नाहीत, ६०६ आहेत. काजूकतली ५२० नाही, ५९८ आहे. फराळाचा बॉक्स ५५६.

ठेकेदाराची माणसं आणि अप्रेंटिस नक्की किती, आणि गावी जाणारे किती, एवढं बघून इथेच लिहा. ३८ च्या वर गेलात तर माणशी सव्वापाचशेच्या आसपास येईल, मग लाडू अर्धा किलोवरून चारशे ग्रॅमवर आणायचे की चकलीला हात लावायचा ते बघू. खोका मात्र तोच ठेवा, लहान करू नका.